अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पाच मिनिटं

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या सेफ्टीवाल्यांच्या आणि प्लांटवाल्यांच्या एका बैठकीत विषय निघाला, की मोठा अपघात झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरने टीमसमोर उभं राहून काही बोलावं का, आणि बोलावं तर काय. तासभर नुसती जुंपली. एका बाजूचं म्हणणं, चौकशी होईपर्यंत तोंड बंद, वकील सांगतील तेवढंच. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लोक हादरलेले असतात, त्यांना एकत्र बसवा, मन मोकळं करू द्या, अशा वेळी वेळा आणि आकडे काय वाचून दाखवता. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि घरी येईपर्यंत मन लागलं नाही, कारण ज्या खड्ड्यात माणूस गेला तो खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच असतो आणि त्यातला गॅसही तिथेच असतो, हे तासाभरात एकदाही कुणी बोललं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ते बोलणं झालंच पाहिजे, पाच-सहा मिनिटांत आटपलं पाहिजे, आवाज न चढवता झालं पाहिजे, आणि त्यात फक्त नक्की माहीत असलेलं सांगितलं पाहिजे. त्याचं काम एकच, आज दुसरा माणूस जाऊ नये. दोष कुणाचा ते ठरवायला चौकशी आहे, आणि धीर द्यायला पुढचे कितीतरी दिवस आहेत. पण सात वाजता गेटमधून आत आलेला माणूस सव्वासातला कुठलं झाकण उघडणार, हे त्या पाच मिनिटांवर ठरतं.

मी हे इतकं ठासून का बोलतोय ते सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी मी कोकणपट्टीतल्या एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शनचा शिफ्ट इन्चार्ज होतो. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, माझ्याकडे नव्हता, पण आमच्या शेडच्या मागेच होता. एक दिवस दुपारी तिथल्या कलेक्शन सम्पमधला पंप बंद पडला. बारा-तेरा फूट खोल काँक्रीटचा खड्डा, वर मॅनहोल, आत लोखंडी शिडी, तळाला गुडघाभर गाळ. ठेकेदाराचा फिटर खाली उतरला, पंपाचा पाइप हलवला आणि तिथेच कोसळला. वर उभा असलेला हेल्पर त्याला काढायला उतरला आणि तोही शिडीवरून घसरून पडला. तिसरा उतरणारच होता, ईटीपीच्या ऑपरेटरने त्याला मागून कवेत धरून ठेवलं. फायरची माणसं बीए सेट लावून, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरली आणि दोघांना वर काढलं. फिटर रात्री हॉस्पिटलमध्ये वारला. हेल्पर आयसीयूत होता, तो वाचला.

या खड्ड्यांत काय होतं ते थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सांडपाण्यात सल्फेट असतं, तळाचा गाळ बरेच दिवस हवेशिवाय पडून राहिला की त्यातले जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो, आणि बराचसा गाळातच अडकून असतो, गाळ ढवळला की एकदम बाहेर येतो. म्हणजे वरून डिटेक्टर धरला तर रीडिंग चांगलं येऊ शकतं, माणूस खाली जाऊन पाइप हलवतो आणि मग गॅस सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण साधारण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. त्यामुळे वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात वाईट असतो. आणि अशा खड्ड्यात एकटा माणूस क्वचितच जातो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ सालीच लिहून ठेवलंय, की अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त, ६० टक्क्यांच्या वर, वाचवायला गेलेले लोक असतात.

आता दुसरी सकाळ. मला घरीच फोन आला होता, कुणी काहीही बोलायचं नाही, साहेब लोक बघतील. मी सात वाजता माझ्या सव्वीस माणसांसमोर उभा राहिलो आणि "चला, कामाला लागा" एवढंच म्हणालो. मान खाली घालून सगळे गेले. पण माणसं गप्प राहत नाहीत ना, कँटीनमध्ये चहाला बसल्याबसल्या गोष्ट तयार झाली. पंप होता, पाणी होतं, दोघं एकामागोमाग पडले, म्हणजे करंट लागला. ऐकायला पटण्यासारखंच होतं. इलेक्ट्रिकल खात्यावर नजरा वळल्या, त्यातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनला ते लागलं असणार, कारण अकराच्या सुमारास तो स्वतःच एका पोराला घेऊन शेजारच्या पिटवर गेला, म्हणाला या पंपाची केबल तरी बघून घेऊ. अत्यंत काळजीपूर्वक काम केलं त्याने. मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं, टॅग लावला, टेस्टरने सप्लाय नसल्याची खात्री केली. मग झाकण सरकवलं आणि शिडीच्या तीन पायऱ्या उतरला. त्याला गरगरलं. वरच्या पोराने पालथं पडून त्याची कॉलर आणि पट्टा धरला आणि ओरडला म्हणून आम्ही चार जण धावलो. वाचला. पण बघा, त्या माणसाने विजेपासून वाचायची एकूणएक खबरदारी घेतली होती. त्याला फक्त हे माहीत नव्हतं की आदल्या दिवशीचा माणूस विजेने गेलेला नाही. आणि ते मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी फायरवाल्यांनी दोरीला बांधून डिटेक्टर सम्पमध्ये सोडला तेव्हा मी तिथेच उभा होतो.

त्या सकाळी काय बोलायला हवं होतं ते मी नंतर कितीदा तरी मनात लिहिलं आणि खोडलं. आज माझ्या मते ते असं असायला हवं होतं.

"मंडळी, सगळे जरा जवळ या. काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ईटीपीच्या कलेक्शन सम्पमध्ये ठेकेदाराची दोन माणसं बेशुद्ध पडली. फिटर काल रात्री हॉस्पिटलमध्ये वारले. त्यांच्या घरच्यांना रात्रीच कळवलंय, आपला माणूस त्यांच्यासोबत आहे. हेल्पर आयसीयूत आहेत, सकाळी सहाला डॉक्टरांशी बोलणं झालं तेव्हा ते शुद्धीवर होते. काल संध्याकाळी साडेपाचला सम्पमध्ये डिटेक्टर सोडला, हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या वर आला, त्या मीटरचं मापच तिथे संपतं. अपघात झाला त्या वेळी आत किती गॅस होता आणि अपघात कशामुळे झाला, हे अजून माहीत नाही. चौकशी होणार आहे, तोवर मीही अंदाज सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. आज आपल्या प्लांटमधल्या कुठल्याही सम्पमध्ये, पिटमध्ये, टाकीत कुणीही उतरणार नाही, जुनं परमिट हातात असलं तरी नाही, सगळी रद्द झालीत. झाकणही उघडायचं नाही. कुणी आत पडलेला दिसला तर उतरायचं नाही, सायरन दाबायचा आणि बीए सेटवाल्यांना बोलवायचं. सम्पभोवती टेप लावलीय, तिथलं काहीही हलवायचं नाही. ज्याला आज मशिनवर उभं राहायचं नसेल त्याने मला येऊन सांगा, कारण विचारणार नाही. दुपारी तीनला इथेच पुन्हा भेटू, नवीन कळेल ते सांगेन. काही विचारायचंय?"

सावकाश वाचलं तरी तीन मिनिटांच्या आत होतं, प्रश्न धरून सहा. यातलं एकेक वाक्य तिथे का आहे ते सांगता येतं. वारले ते वारले म्हणून सांगितलंय, कारण ती बातमी माणसं आत येताना गेटवरच ऐकतात आणि सुपरवायझरने ती गुळमुळीत केली की पुढच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास बसत नाही. घरच्यांना आधी कळलंय की नाही ते बघूनच सांगायचं, ही अट मात्र मोडायची नाही. गॅसच्या वाक्याकडे नीट बघा. साडेपाचला मीटरने काय दाखवलं ते सांगितलंय, कारण ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं आणि लिहून ठेवलेलं आहे. दुपारी तीनला काय झालं ते सांगितलेलं नाही, कारण ते त्यावरून काढलेलं अनुमान आहे. करंटची अफवा मोडायला पहिलं पुरेसं आहे, दुसऱ्याची गरजच नाही. आणि त्या इलेक्ट्रिशियनला शिडीवर पाय ठेवण्यापासून थांबवायलाही तेवढंच पुरलं असतं.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते कमकुवत नाहीत आणि मी तसं म्हणणारही नाही.

सगळ्यात जड मुद्दा कायद्याचा. माणूस दगावला की पोलीस येतात, निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम लागतं, जुनं ३०४-अ, आता न्याय संहितेतलं १०६, आणि त्यात आधी नाव कुणाचं येतं तर सुपरवायझरचं आणि ठेकेदाराचं. मालक, डायरेक्टर फार नंतर. मग ज्याच्या मानेवर उद्या गुन्हा येऊ शकतो त्यालाच तुम्ही तीस माणसांसमोर उभं करता? हा प्रश्न बरोबर आहे. म्हणून माझं म्हणणं, ज्याने परमिटवर सही केली त्याने ते बोलणं करूच नये, त्याच्या बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाने करावं. आणि मनाने बोलू नये, कागद वाचावा, तो कागद वेळ घालून रजिस्टरला लावावा. वकिलांना दाखवायचा असेल तर रात्री दाखवा, अर्ध्या पानाला किती वेळ लागतो? पण त्या अर्ध्या पानात आहे काय ते बघा. वेळ, जागा, किती माणसं, त्यांची तब्येत, मीटरचं रीडिंग. हे सगळं कारखाना निरीक्षकाला कायद्यानेच कळवावं लागतं, फायरच्या नोंदीत असतं, हॉस्पिटलच्या कागदावर असतं. सरकारला जे लेखी द्यायचंच आहे ते शेजारच्या शेडमधल्या माणसाला सांगितल्याने कोण अडकणार? अडकवतं ते दुसरंच, "अरे त्याने न विचारता उडी मारली", "परमिट होतंच कुठे". असली वाक्यं सगळ्यात जास्त कुठे ऐकू येतात, तर जिथे वरून बोलायची बंदी असते तिथेच, कुजबुजीत. आणि आमच्याकडे दुसरा माणूस गेला असता तर कुठल्या वकिलाने काय सांगितलं असतं? आदल्या संध्याकाळी गॅस माहीत होता आणि सकाळी सांगितला नाही, हे तर पहिल्या अपघातापेक्षा वाईट झालं असतं.

दुसरा मुद्दा, की पहिल्या दिवशीची माहिती चुकीची निघते. निघते, आणि चुकीची माहिती किती छळते त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या सेगो खाणीचं आहे. जानेवारी २००६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या कोळसा खाणीत स्फोट होऊन १३ जण अडकले. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास चर्चमध्ये थांबलेल्या घरच्यांपर्यंत बातमी आली की १२ जिवंत सापडले. घंटा वाजल्या, लोक रडत एकमेकांच्या गळ्यात पडले. तीनेक तासांनी त्यांना सांगितलं गेलं की उलट आहे, १२ गेले, एकच वाचला. हे वाचून बरेच जण म्हणतात, बघा, म्हणून बोलूच नये. मला त्यातून वेगळं दिसतं. बचाव पथकाचं बोलणं मास्कमधून, मधल्या माणसांकडून वर येत होतं, त्यात ते बदललं, आणि स्पीकरफोनवर कुणीतरी ऐकलेलं तसंच बाहेर पोचलं. खात्री करून, वेळ सांगून, एका ठरलेल्या माणसाने दिलेली ती माहिती नव्हतीच. आणि चूक कळायला लागल्यावरही लगेच कुणी उठून "थांबा, पहिली बातमी पक्की नाही" असं म्हटलं नाही, ते तास त्या लोकांना जास्त लागले. म्हणून त्या कागदावर प्रत्येक माहितीला वेळ हवी, "सहाला डॉक्टर म्हणाले", "साडेपाचला मीटरने दाखवलं". आणि म्हणूनच दुपारी तीनची दुसरी भेट हवी. दुरुस्ती करायची जागा आधीच ठरवून ठेवली की चुकीची भीती निम्मी होते.

तिसरा मुद्दा एका सीनियर माणसाने मांडला, आणि तो मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटला. तो म्हणाला, लोक शांत राहणं महत्त्वाचं असेल तर कधीकधी खोटंही चालतं, १९९३ आठवा. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, दोन महिन्यांपूर्वीच शहर दंगलीत जळालं होतं, आणि मुख्यमंत्री शरद पवारांनी दूरदर्शनवरून स्फोटांच्या ठिकाणांत मशीद बंदरचं नाव जास्तीचं घातलं, जिथे स्फोट झालाच नव्हता, म्हणजे फक्त एकाच समाजाला लक्ष्य केलंय असं कुणाला वाटू नये. त्यांनी स्वतःच हे नंतर जाहीरपणे सांगितलंय. त्या दिवशी ते योग्य होतं असं मलाही वाटतं. पण ते उदाहरण आपल्या शेडमध्ये आणता येईल का? मुख्यमंत्री लाखो अनोळखी माणसांशी बोलत होते, त्या संध्याकाळी मशीद बंदरला जाऊन कोण बघणार होतं? सुपरवायझर तीस माणसांशी बोलतो, त्यातले चार जण काल सम्पच्या काठावर होते, एकाने तर तिसऱ्या माणसाला कवेत धरून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर एक शब्द इकडचा तिकडे केला तरी दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. आणि त्या दिवशी मुंबईत धोका माणसांच्या रागात होता, राग शांत केला की धोका कमी होत होता. इथे धोका खड्ड्यात आहे. "काही नाही, हेल्परला किरकोळ लागलंय, काळजी करू नका" असं म्हणून माणसं शांत होतील, पण गॅस तसाच राहील, आणि शांत झालेली माणसं झाकण जास्त निवांतपणे उघडतील.

राहिला मन मोकळं करायचा मुद्दा. यामागे खरी माया आहे, म्हणून हळू बोलतो. जेफ्री मिचेल नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ मध्ये फायरब्रिगेड आणि अँब्युलन्सवाल्यांसाठी एक पद्धत मांडली, घटनेनंतर एक-दोन दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते एकेकाने बोलायचं. ती जगभर पसरली. मग तपासण्या झाल्या, आणि २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं की अशी एकच बैठक घेतल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, उलट एका अभ्यासात बैठक घेतलेल्यांनाच नंतर जास्त त्रास होता. हे अभ्यास मुख्यतः एकेकट्या रुग्णांवरचे होते, भाजलेले, गाडीच्या अपघातातले, एकत्र काम करणाऱ्या टीमवरचे नव्हते, हे मान्य करायलाच हवं. तरी सक्तीने सगळ्यांना तेच दृश्य पुन्हा आठवायला लावू नये, एवढं तरी त्यातून नक्की घेता येतं. ज्या ऑपरेटरने तिसऱ्याला धरून ठेवलं त्याला सकाळी सातला सगळ्यांसमोर "सांग तुला काय वाटलं" विचारायचं? मी तो चेहरा पाहिलाय, मी नाही विचारू शकत. त्याला त्या वेळी उपयोगाचं काय असतं, तर हेल्पर शुद्धीवर आहे ही बातमी, आणि घरी जायचं असेल तर कारण न देता जाता येईल हे वाक्य. ते कोरडं वाटतं, पण त्यात त्याची काळजीच आहे. त्याच्याशी वेगळं बसून बोलणं संध्याकाळी, चार दिवसांनी, महिन्याने झालंच पाहिजे, आणि ते त्या पाच मिनिटांच्या बदल्यात नाही, शिवाय.

एक गोष्ट राहिली, आवाजाची. बरेच सुपरवायझर अशा सकाळी ओरडतात, "किती वेळा सांगितलं हार्नेस लावा, ऐकत नाही तुम्ही". मी समजू शकतो, भीती आणि दुःख रागातूनच बाहेर पडतं. पण ओरडणं ऐकणारा माणूस एकच गोष्ट शिकतो, की दोष गेलेल्याचा होता. आणि मग ज्याला काही माहीत आहे, समजा आधीच्या आठवड्यातही तिथे कुणाला गरगरलं होतं, तो ते सांगत नाही. शांत बोलण्याचा हा सरळ व्यवहारी फायदा आहे, शेवटच्या "काही विचारायचंय?" ला उत्तर येतं.

नंतर अनेक वर्षांनी, दुसऱ्या एका प्लांटमध्ये, मला ते बोलणं करावं लागलं. स्क्रबरच्या कामावर एक माणूस उंचावरून पडला होता, वाचला, पण पाठीचा कणा दुखावला. मी कागद वाचला. वाचून झाल्यावर एका हेल्परने विचारलं, "साहेब, त्यांच्या चपला तिथेच आहेत, उचलून ठेवू का?" मी म्हणालो, नको, निरीक्षक येईपर्यंत काही हलवायचं नाही, मग मी स्वतः उचलीन. सकाळी मी सांगितलं होतं की अपघाताच्या वेळी पाऊस नव्हता. दोन वाजता सिक्युरिटीच्या रजिस्टरमधून कळलं की त्याआधी वीस मिनिटं सर येऊन गेली होती. तीनला सगळे पुन्हा जमले तेव्हा पहिलं वाक्य मी हेच बोललो, की सकाळी पावसाचं मी चुकीचं सांगितलं, प्लॅटफॉर्म ओला होता, आज वर कुणी चढणार नाही. पाठीमागून एक फिटर म्हणाला, त्या प्लॅटफॉर्मची एक जाळी दोन दिवसांपासून हलत होती, मला सांगायचं होतं.